ग्रहण बघताना दुखलं काहीच नाही, आता वाचताना मधलं अक्षर दिसत नाही. हे कायमचं राहतं का?

निशिगंध
माझ्या धाकट्या भावाबद्दल विचारतेय, वय २३. नऊ दिवसांपूर्वी खंडग्रास ग्रहण होतं ते त्याने गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. एकटक नाही, चार-पाच वेळा, दर वेळी आठ-दहा सेकंद असं तो सांगतो. सूर्य बराच झाकलेला होता त्यामुळे डोळे दिपलेच नाहीत, दुखलं नाही, पाणी आलं नाही. संध्याकाळी नजरेसमोर पिवळट डाग होता पण दिव्याकडे बघितल्यावर राहतो तसा असेल म्हणून झोपला. सकाळी फोनवर मेसेज वाचायला गेला तर ज्या अक्षराकडे बघेल तेच अक्षर गायब, आजूबाजूची दिसतायत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून तपासलं, ओसीटी केलं. उजवा ६/६, डावा ६/१२. म्हणाले सोलर रेटिनोपॅथी आहे, औषध नाही, सहा आठवड्यांनी या, बराचसा सुधारेल पण थोडं कायमचं राहू शकतं. एवढंच. बाहेर रांग होती, आम्ही उठलो.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळतंय. हात कापला तर भरतो, भाजलं तर नवी कातडी येते, मग डोळ्याचंच का भरत नाही? आणि भरणार नसेल तर सहा आठवडे वाट कसली बघायची? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, तो घरात कुणाशी धड बोलत नाहीये.

केदार_वि
भिंगाने कागद जाळतो ना आपण, तोच प्रकार. डोळ्यातलं भिंग सूर्य एका टिंबावर गोळा करतं आणि पडदा तिथे भाजतो. भाजल्याचा व्रण जसा राहतो तसा हा राहतो. तिथे व्रण झाला म्हणजे संपलं, सहा आठवडे काय न् सहा वर्षं काय.

लोखंडी_हात
ताई घाबरू नका. माझं आयुष्य वेल्डिंगमध्ये गेलं. डोळ्याला आर्क किती वेळा लागलाय मोजदाद नाही. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, उघडवत नाहीत, पाण्याच्या धारा लागतात, नुसतं तळमळायचं. पण दोन दिवसात साफ बरं. सूर्याचं पण तेच, प्रखर उजेडच तो. थंड पट्ट्या ठेवा, अंधारात झोपवा.

पडदेवाली
मी रेटिनाचं काम करते. तुमच्या भावाला तपासलेलं नाही त्यामुळे त्याच्यापुरतं काही ठाम सांगणार नाही, पण प्रश्न फार योग्य आहे आणि वरच्या दोन उत्तरांमधूनच तो सुटतो म्हणून सविस्तर लिहिते.

लोखंडी_हात, तुमचा अनुभव खरा आहे पण ती जागा वेगळी. आर्क लागतो तो बुबुळावरच्या पारदर्शक थराला, कॉर्नियाला. तिथे शरीरातल्या सर्वात दाट नसांपैकी नसा आहेत म्हणून एवढी आग होते, आणि त्या थराच्या पेशी सतत नव्या बनत असतात म्हणून एक-दोन दिवसांत वरचा थर पुन्हा तयार होतो. निशिगंधच्या भावाला झालंय ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. म्हणून बघताना काही कळलं नाही. आणि तिथे ज्या पेशी मरतात त्या माणसात पुन्हा बनत नाहीत. तुमचं दोन दिवसांत बरं झालं आणि याचं महिनोन्‌महिने चालतं याचं कारण हेच.

केदार, भिंगाचं उदाहरण दुर्बिणीतून बघितलं तर लागू पडतं, तिथे खरंच भाजतं. नुसत्या डोळ्याने बघताना पडद्याचं तापमान काही अंशच वाढतं, भाजण्यासाठी साधारण दहा अंश वाढावं लागतं. मुख्य नुकसान रासायनिक असतं. उजेडातला निळा भाग आणि थोडा अतिनील भाग पेशीतल्या रंगद्रव्यांवर पडून तिथे ऑक्सिजनचे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात आणि ते पेशींची पटलं कुरतडत जातात. ही साखळी तुम्ही मान खाली घातल्यावरही चालू राहते. म्हणून संध्याकाळी नुसता पिवळट डाग आणि सकाळी अक्षर गायब. आणि म्हणूनच थोडं थोडं बघितलं तर चालतं असं होत नाही, एका दिवसातल्या त्या चार-पाच नजरांची बेरीज होते.

मृण्मयी_द
बापरे, बेरीज होते हे मला अजिबात माहीत नव्हतं. मधे डोळ्यांना विश्रांती दिली की झालं असंच वाटायचं.

निशिगंध
पडदेवाली, खूप खूप आभार. पण मग गोंधळ वाढला. पेशी पुन्हा बनत नाहीत तर बराचसा सुधारेल असं डॉक्टर कशाच्या जोरावर म्हणाले?

पडदेवाली
कारण पेशी दुखावणं आणि पेशी मरणं यात फरक आहे, आणि पहिल्या आठवड्यात दोन्ही सारखंच दिसतं.

आपण वाचतो ते पडद्याच्या मधोमध असलेल्या शंकू पेशींनी. या पेशीचं उजेड झेलणारं टोक म्हणजे तबकड्यांची चळत समजा. ते टोक रोज वरून थोडं झडतं, खालची काळपट थरातली पेशी ते झडलेलं गिळते, आणि शंकू पेशी बुडाकडून नव्या तबकड्या रचत राहते. हे आत्ता तुमच्या-माझ्या डोळ्यात चालू आहे. सूर्याने फक्त टोक खराब केलं असेल आणि पेशीचं धड, म्हणजे इंजिन असलेला भाग, जिवंत असेल तर टोक पुन्हा रचलं जातं. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. वाट त्याची बघायची.

पण धडच मेलं तर रचणारं कुणी उरत नाही. शेजारच्या आधारपेशी सरकून जागा थोडी आवळतात, त्यामुळे भोक लहान होतं, पण त्या जागी नवी शंकू पेशी येत नाही. कातडीला खाली विभागणाऱ्या पेशींचा साठा असतो, इथे नाही. काही माशांना पडदा पुन्हा बनवता येतो, आपल्याला नाही.

ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद. त्यात मधोमध एक उजळ रेघ असते, ती साधारण या पेशींच्या इंजिनाच्या पातळीवर पडते. सोलर रेटिनोपॅथीत ती रेघ बरोब्बर मध्यावर तुटलेली दिसते, कधी तिथे बारीकसं चौकोनी भोक असतं. पुढच्या ओसीटीत ती रेघ जुळत आली तर चांगलं. तिच्या वरची अजून एक बारीक रेघही तुटलेली असेल आणि तशीच राहिली तर नजरेतली उणीव राहण्याची शक्यता जास्त. रिपोर्टची प्रिंट असेल तर पुढच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना नेमकं हेच विचारा.

केदार_वि
मान्य, भाजण्याचं मी चुकीचं समजत होतो. पण एक शंका. बाकी दिवशी चुकून सूर्याकडे नजर जाते तेव्हा कुणाचे डोळे जात नाहीत, मग ग्रहणातच का? म्हणजे ग्रहणात किरण जास्त घातक निघतात हे खरं असणार ना?

आकाशमित्र
नाही रे केदार. सूर्याला पत्तासुद्धा नसतो की त्याच्यासमोर चंद्र आलाय. किरण तेच. बदलतो तो आपला डोळा.

रोजचा सूर्य इतका झगझगीत असतो की अर्ध्या सेकंदात मान वळते, कुणी बघतच नाही. ग्रहणात नव्वद टक्के सूर्य झाकला की एकूण उजेड कमी होतो, डोळा दिपत नाही, बाहुली थोडी मोठी होते आणि माणूस निवांत बघत राहतो. पण जी कोर उघडी आहे तिचा प्रत्येक ठिपका पूर्ण सूर्याच्या ठिपक्याइतकाच प्रखर आहे. पडद्यावर त्या कोरीचं चित्र पडतं, आणि त्या चित्राखालच्या पेशींना काही सूट मिळत नाही. बाहुली मोठी झाल्यामुळे उलट जास्तच मिळतं. फक्त खग्रासची ती काही मिनिटं, चंद्राने शेवटचा कणही झाकलेला असतो तेवढ्यात उघड्या डोळ्याने बघता येतं. कंकणाकृतीत तेही नाही.

आणि पडतं कुठे बघा. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश दिसतो. डोळ्याच्या आत त्याचं चित्र जेमतेम ०.१५ मिलीमीटरचं. केसाच्या जाडीच्या दुप्पट म्हणा हवं तर. एवढुसा डाग पडद्याच्या कडेला पडला असता तर जन्मात कळला नसता. पण आपण ज्याच्याकडे बघतो त्याचं चित्र नेहमी पडद्याच्या सर्वात बारीक बघणाऱ्या मध्यावर येतं, आणि आपण बघत असतो सूर्याकडेच! त्याच अर्ध्या अंशाचं माप पुस्तकावर धरलं तर हातभर अंतरावर, म्हणजे चाळीस सेंटीमीटरवर, साडेतीन-पावणेचार मिलीमीटर होतं. छापील एक-दोन अक्षरं. निशिगंध, तुझा भाऊ अगदी हेच सांगतोय.

मृण्मयी_द
आकाशमित्र, मग पाण्यातलं प्रतिबिंब बघतात ते चालतं का? ते तर थेट नाही.

आकाशमित्र
नाही चालत. सूर्य डोक्यावर असताना पाणी सुमारे दोन टक्के उजेड परत फेकतं, म्हणजे पन्नासावा हिस्सा. ग्रहणाच्या चांगल्या चष्म्यातून दिसणारा उजेड तीस हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी येतो. पन्नास कुठे न् तीस हजार कुठे. सूर्य तिरपा असेल तर पाणी आणखी जास्त फेकतं. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, साधा गॉगल यांचं तर अजून वाईट, ते डोळ्याला दिसणारा झगमगाट कमी करतात आणि माणसाला बघत राहायला लावतात. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ छापलेलं असावं, ओरखडा नसावा, आणि घालून खोलीतला दिवासुद्धा जवळजवळ दिसेनासा व्हावा. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून सूर्याकडे पाठ करून कागदावर चित्र बघायचं. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.

लोखंडी_हात
पडदेवाली मॅडम, कॉर्नियाचं आज पहिल्यांदा कळलं. मग वेल्डिंगची काच लावून ग्रहण बघितलं तर? आमच्याकडे दहा-अकरा नंबरच्या असतात.

आकाशमित्र
दादा, दहा-अकरा कमी पडतात. सूर्यासाठी बारा किंवा त्यावरचा नंबर सांगतात आणि चौदा आरामदायक पडतो. दोन काचा एकावर एक जोडून अंदाज करत बसू नका.

सुईदोरा
मी इथे फक्त वाचत असते, पण याच्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी अकरा वर्षांची असताना काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण बघितलं होतं. आज बेचाळिशी आली. डाव्या डोळ्यात मधोमध एक ठिपका आहे, काळा नाही हं, काळा असता तर लोकांना सांगता तरी आलं असतं. तिथे काहीच नाही, असं आहे. रेघ बघितली तर ती तिथे किंचित चिमटा घेतल्यासारखी आत ओढलेली दिसते. दोन्ही डोळे उघडे असले तर कळत नाही. सुईत दोरा ओवताना डावा मिटून घेते. आमच्या घरी कुणी विश्वासच ठेवला नव्हता कारण तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी वाचायचे. डॉक्टरही म्हणाले नजर छान आहे. मला मात्र माहीत होतं की मी ती ओळ सरळ बघून वाचत नव्हते, नजर जराशी बाजूला नेऊन अक्षर पकडत होते.

निशिगंध, भाऊ काही म्हणाला तर त्याला खोटं पाडू नका एवढंच.

निशिगंध
सुईदोरा, तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच म्हणाला, हां, असंच.

पडदेवाली
सुईदोरांनी जे लिहिलंय ते आम्हा लोकांच्या हातून नेहमी निसटतं. ६/६ म्हणजे अक्षर ओळखता आलं एवढंच. कसं ओळखलं ते तक्ता सांगत नाही. भोक लहान झालं की माणूस नजर बारीकशी सरकवून शेजारच्या जिवंत पेशींनी वाचतो, आणि मेंदू उरलेली फट आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, म्हणून काळा ठिपका दिसत नाही. अशा वेळी चौकटींचा कागद, अ‍ॅम्सलर ग्रिड, एक डोळा झाकून मधल्या टिंबाकडे बघत तपासायचा. रेघा कुठे वाकतात, कुठे तुटतात ते पेन्सिलने काढून ठेवायचं, तारीख घालायची. दर आठवड्याला एकदा पुरे. रोज करत बसू नका, त्याने नुसती धास्ती वाढते.

मुलांचं भिंग जास्त पारदर्शक असतं, निळा आणि अतिनील भाग मोठ्यांपेक्षा जास्त आत पोचतो, अकराव्या वर्षी झालेलं राहिलं यात तेही असू शकतं.

रोहन_एस
माझ्या मावसभावाला असंच झालं होतं, त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांत मस्त झाला. औषध नाही म्हणून हात वर करणारे डॉक्टर बदला, सरळ सांगतो.

पडदेवाली
रोहन, तुमचा मावसभाऊ बरा झाला याचा आनंद आहे. पण गोळ्यांशिवायही दोन महिन्यांत बरेच जण तसेच सुधारतात, त्यामुळे गोळ्यांनी झाला की आपोआप हे एका माणसावरून कळायला मार्ग नाही. स्टेरॉइडने फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि स्टेरॉइडमुळे काही लोकांच्या याच मध्यावर पडद्याखाली पाणी साचतं. आधीच दुखावलेल्या जागेखाली पाणी. मी देत नाही.

रोहन_एस
पण देणारेही डॉक्टरच आहेत ना? सूज कमी करायला देतात असं आम्हाला सांगितलं होतं. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं असं मला अजूनही वाटतं.

पडदेवाली
देणारे आहेत, नाकारत नाही. त्यांचं-माझं यावर एकमत नाही.

आकाशमित्र
नुकसान किती नेमक्या आकाराचं होतं याचं एक उदाहरण सांगतो. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये विशीतली एक तरुणी डोळ्यांच्या दवाखान्यात आली. तिने काही वेळा सहा-सहा सेकंद नुसत्या डोळ्यांनी बघितलं होतं, मग ग्रहणाच्या चष्म्यासारख्या कशातून तरी पंधरा-वीस सेकंद. तिथल्या डॉक्टरांनी एकेक शंकू पेशी दिसेल अशा कॅमेऱ्याने पडदा टिपला तर डाव्या डोळ्यात खराब झालेली जागा चक्क कोरीच्या आकाराची होती. तिला नजरेसमोर काय दिसतं ते काढायला सांगितलं तर तिने काढली तीही कोरच. हे २०१७ च्याच डिसेंबरमध्ये छापून आलं. मी तो फोटो बघितल्यापासून आमच्या कार्यक्रमात चष्मे वाटल्याशिवाय कुणाला मान वर करू देत नाही.

मृण्मयी_द
अंगावर काटा आला. ग्रहणाचा शिक्काच उठला म्हणायचा.

निशिगंध
सात आठवडे झाले, सांगितल्याप्रमाणे लिहायला आले. परवा दाखवून आलो. उजवा डोळा पहिल्यापासून ६/६ च होता पण त्याच्या चौकटीत एक रेघ वाकायची, ती आता सरळ दिसते. डावा ६/१२ चा ६/९ झाला. दोन्ही ओसीटी शेजारी ठेवायला लावले, डॉक्टरांनीही या वेळी शांतपणे दाखवलं. उजव्याची उजळ रेघ पूर्ण जुळलीय. डाव्याची दोन्ही बाजूंनी सरकत आलीय पण मधे बारीक फट आहे, आणि वरची बारीक रेघही तिथे अजून अस्पष्ट आहे. मी विचारलं ही फट भरेल का. म्हणाले सहा महिन्यांपर्यंत बदल होताना बघितलेत, त्यानंतर फार होत नाही, पण नाही म्हणत नाही.

एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही डोळ्यांनी बघितलं मग एक भरला आणि एक का नाही?

पडदेवाली
बऱ्याचदा एका डोळ्याला जास्त लागतं. आपण नेम धरताना जो डोळा आपोआप पुढे करतो त्याने जास्त स्थिर बघितलं असेल, किंवा उन्हात दुसरा अर्धवट मिटला असेल. तो दगड मारताना कुठला डोळा मिटतो बघा. पण हा अंदाज झाला. दोन्ही बाजूंनी रेघ सरकत येणं ही चांगली खूण आहे, उरलेल्या फटीबद्दल आत्ता बोलत नाही. दरम्यान कुठलं औषध चालू होतं का त्याला? डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं उजेडाची इजा वाढवतात.

निशिगंध
डावाच नेमाचा डोळा आहे त्याचा, आत्ता करून बघायला लावलं! औषध काहीच नव्हतं. थांबा, तो स्वतः लिहितोय.

मी धाकटा. ताईच्या आयडीवरून लिहितोय. सगळ्यांचे आभार. लोक विचारतात किती दिसत नाही, तर सांगतो. आधी समोरच्या माणसाचा एक डोळा अख्खा जायचा, आता तीन मीटरवरून नाकाच्या शेंड्याएवढं काहीतरी पुसट होतं, तेही उजवा झाकला तरच. वाचताना दोन अक्षरं जायची ती आता एका अक्षराचा काना किंवा मात्रा जाते. 'काळ' आणि 'कळ' यात चुकतो. सुईदोरा ताई, तुम्ही नजर नेमकी कुठे नेता? मी खाली नेली की ओळच सुटते.

सुईदोरा
अरे खाली नको. अक्षराच्या किंचित वर बघ, शिरोरेघेच्या जराशी वर. सुरुवातीला डोळा परत खाली घसरतो, घसरू दे, पुन्हा वर ने. मला पाचवी संपेपर्यंत वेळ लागला होता, पण तू मोठा आहेस. आणि दोन्ही डोळे उघडे असताना हे करायला जाऊ नकोस, तेव्हा उजवा त्याचं काम करतोय. सहा महिन्यांच्या ओसीटीनंतर इथे लिही, फट भरली असेल तर मला हे शिकवावंच लागणार नाही.